सारांश आणि संक्षेप: हिंदी विनोदाचे इंग्रजी सबटायटल करताना होणारी गल्लत

हिंदी चित्रपटाच्या संवादांची इंग्रजी सबटायटल्स तपासताना मला एकच चूक पुनःपुन्हा दुरुस्त करावी लागते. ‘संवाद लहान करा’ असे सांगितले की अनुवादक त्याचा सारांश लिहितो. सारांश म्हणजे काय हे शाळेपासून सर्वांना ठाऊक आहे: मजकुरातला आशय उचलायचा आणि तो कमी शब्दांत मांडायचा. सबटायटलला मात्र संक्षेप हवा असतो, आणि संक्षेपात आशयाइतकाच त्याचा क्रमही जपावा लागतो.

जागेची मर्यादा दोन्हींना सारखीच आहे. साधारणपणे एका वेळी दोन ओळी, प्रत्येक ओळीत सुमारे ४२ अक्षरचिन्हे आणि वाचनाचा वेग सेकंदाला १७ ते २० चिन्हे, एवढ्यात सगळे बसवायचे असते. हे नियम पाळणे अवघड नाही, आणि ते मोडले तर सॉफ्टवेअरच दाखवून देते. खरी अडचण ज्या ठिकाणी आहे, ती कोणतेही सॉफ्टवेअर दाखवत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलीच्या वडिलांसमोर हात जोडून उभा असलेला तरुण म्हणतो: ‘साहब, आपकी बेटी के लिए मैं अपना घर, अपनी नौकरी, अपने माँ-बाप, सब कुछ छोड़... नहीं सकता।’ ‘छोड़’ या शब्दानंतर तो जवळजवळ एक सेकंद थांबतो. हिंदीत नकार क्रियापदाजवळ, म्हणजे वाक्याच्या शेवटी येत असल्याने त्या क्षणापर्यंत वडिलांना आणि प्रेक्षकांनाही तो सर्वस्वाचा त्याग करायला निघाला आहे असेच वाटते. या वाक्यातला सगळा विनोद त्या विलंबित नकारात आहे.

याचे सारांशरूप सबटायटल मी कित्येकदा पाहिले आहे:

```
I can't give up my home, job
or parents for your daughter.
```

अर्थ अचूक आहे, व्याकरण निर्दोष आहे, आणि दोन ओळींची मिळून चिन्हे केवळ ५७ आहेत. पण इंग्रजीत `can't` हा शब्द दुसऱ्याच स्थानी येतो आणि सबटायटल संपूर्णच्या संपूर्ण एकदम पडद्यावर उमटते. त्यामुळे नट ‘अपना घर’ म्हणत असतानाच वाचणाऱ्याला शेवट कळलेला असतो. पुढे नट थांबतो, वडिलांचा चेहरा दिसतो, दिग्दर्शकाने आणि संकलकाने मोजूनमापून ठेवलेली ती शांतता वाचणाऱ्यासाठी रिकामी जाते. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या एका सेकंदासाठी इतरांनी केलेले काम आपण पुसून टाकतो.

संक्षेप करताना प्रथम ऐकायचे, थांबा कुठे आहे ते नोंदवायचे, आणि मगच शब्द शोधायचे. इथे वाक्य त्या थांब्यावर तोडून दोन सबटायटल्स करावी लागतात, आणि इंग्रजीतला नकार शेवटी ढकलणारी रचना शोधावी लागते:

```
1
00:12:40,000 --> 00:12:44,200
For your daughter, I'd give up
my home, my job, my parents...

2
00:12:44,300 --> 00:12:45,900
...if I could.
```

‘नहीं सकता’चे शब्दशः भाषांतर इथे नाही, पण असमर्थतेचा अर्थ शाबूत आहे आणि तो नटाच्या तोंडून ज्या क्षणी बाहेर पडतो त्याच क्षणी वाचकाला मिळतो. पहिले सबटायटल थांबा संपेपर्यंत मुद्दाम पडद्यावर ठेवले आहे. ते आधीच काढले तर प्रेक्षकाला वाक्य संपल्यासारखे वाटते. चिन्हे ७४ झाली, म्हणजे हा संक्षेप सारांशापेक्षा लांब आहे, तरीही वाचनाचा वेग मर्यादेच्या आतच राहतो. ‘साहब’ आणि ‘सब कुछ’ गाळले, कारण आदर जोडलेल्या हातांतून दिसतो आणि तीन गोष्टींची यादी पुरेशी आहे. तोच तरुण पुढे रागाने ‘तू’वर येणार असेल, तर मात्र मी इथे `sir` नक्की ठेवेन, इंग्रजीत ‘आप’ आणि ‘तू’ यांच्यासाठी एकच शब्द असल्याने तो बदल दाखवायला दुसरे साधन उरत नाही.

प्रत्येक वेळी असे तोडता येत नाही. थांबा अर्ध्या सेकंदाहून कमी असेल किंवा लगेच दुसरे पात्र बोलू लागत असेल, तर दुसरे सबटायटल वाचायला वेळच मिळत नाही. अशा वेळी सबटायटल एकच ठेवून विनोदाचा शब्द निदान दुसऱ्या ओळीच्या अगदी शेवटी न्यावा, म्हणजे नजर तिथे थोडी उशिरा पोहोचते. मात्र पाठोपाठ येणारा शब्द लपवण्यासाठी सबटायटलच उशिरा आणणे मला मान्य नाही, कारण नट बोलत असताना पडदा कोरा राहिला की प्रेक्षकाचे लक्ष विनोदावरून त्या उणिवेकडे जाते.

काम तपासताना मी संवाद आवाजासह चालवते आणि नट विनोदाचा शब्द उच्चारण्यापूर्वी तो पडद्यावर वाचता येतो का, एवढेच पाहते. वाचता येत असेल तर ते सारांशाचे काम आहे आणि मी ते परत पाठवते.