कॉर्डची प्रभाव रेषा कुठून आली

ट्रसच्या, म्हणजे त्रिकोणांनी जोडलेल्या सांगाड्याच्या, प्रत्येक भागात किती बल येतं, हे अमेरिकेत स्क्वायर व्हिपल यांनी १८४७ मध्येच छापून दाखवलं होतं. पण तो हिशेब भार एका जागी उभा आहे असं धरून होता. रेल्वेचं इंजिन मात्र पुलावरून चालतं, आणि त्याची जड चाकं कुठे आली की अमुक कॉर्डवर, म्हणजे ट्रसच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या भागावर, सर्वांत जास्त बल येईल, हे शोधायला दर जागेसाठी नवा हिशेब मांडावा लागे.

१८६८ च्या सुमारास एमिल विंकलर आणि ओटो मोर यांनी, दोघांनी वेगवेगळं, प्रश्नच उलटा केला. भाग एकच धरायचा आणि १ एककाचा भार पुलावरून चालवायचा. भार जिथे असेल तिथे त्या भागातलं बल उंचीने दाखवायचं. हीच प्रभाव रेषा. बेंडिंग मोमेंटची आकृतीही त्रिकोणीच दिसते, म्हणून विद्यार्थी अजून दोन्हींची गल्लत करतात.

कॉर्डसाठी बाकीचं काम आउगुस्ट रिटर यांच्या छेद पद्धतीने केलं. तीन भाग कापायचे आणि हवा तो कॉर्ड सोडून उरलेले दोन जिथे मिळतात त्या बिंदूभोवती मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर, घ्यायचा. तो ट्रसच्या उंचीने भागला की कॉर्डमधलं बल मिळतं.

३० मीटर गाळ्याचा, ६ मीटर उंच वॉरन ट्रस घेऊ. खालचे सांधे ५ मीटरवर, वरचे त्यांच्या मधोमध, आणि रूळ खालच्या कॉर्डच्या पातळीवर. मधल्या वरच्या कॉर्डचा मोमेंट बिंदू गाळ्याच्या मध्यावरचा खालचा सांधा. भार तिथे आला की मोमेंट १५ × १५ ÷ ३० = ७.५, म्हणजे दाब १.२५. रेषा दोन्ही आधारांपाशी शून्य, मध्ये हे टोक. गाळाभर मीटरला २० किलोन्यूटन भार असेल तर त्रिकोणाचं क्षेत्रफळ १८.७५ गुणिले २०, म्हणजे ३७५ किलोन्यूटन. रेषा कुठेच चिन्ह बदलत नाही, म्हणून पूर्ण गाळा भरणं हीच इथली वाईट अवस्था. तिरप्या भागांचं तसं नसतं.

खरी फसगत खालच्या कॉर्डमध्ये होते. १० ते १५ मीटरमधल्या तुकड्याचा मोमेंट बिंदू १२.५ मीटरवरचा वरचा सांधा आहे. तिथे टोक काढलं तर ताण १.२१५ येतो, पण तो खोटा. रुळाखालच्या लांबीच्या तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, भार आडव्या गर्डरवर टाकतात आणि आडवे गर्डर फक्त सांध्यांवर टेकतात. त्यामुळे दोन सांध्यांमध्ये रेषा सरळच जाते: १० मीटरवर ०.९७२, १५ मीटरवर १.०४२. टोक छाटलं जातं. १२.५ मीटरवर खरं मूल्य १.००७ असतं. त्रिकोण तसाच ठेवला तर पोलाद उगाच जास्त लागतं, आणि उत्तर 'सुरक्षित' बाजूला असल्यामुळे चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.