दोन मिनिटं सात सेकंद : उत्तर येणार नाही हे कॉम्प्युटर कधी ठरवतो

मागच्या आठवड्यात एका सर्व्हरवर लॉगिन करायला गेलो, एंटर मारलं आणि स्क्रीन नुसती थांबली. एरर नाही, काही नाही. पत्ता चुकला होता हे नंतर कळलं, आणि मधली फायरवॉल माझी पॅकेट्स गुपचूप टाकून देत होती, पण माझ्या लिनक्स मशीनला ते कळायला मार्गच नव्हता. म्हणून ते वाट बघत बसलं. मी वेळ मोजली.

```
$ time ssh 10.20.0.9
ssh: connect to host 10.20.0.9 port 22: Connection timed out
real    2m7.214s
```

दोन मिनिटं सात सेकंद म्हणजे १२७ सेकंद. पुन्हा केलं तरी तेवढेच. हा आकडा कुठून येतो ते समजून घ्यायचं तर आधी बघायला हवं की एक पॅकेट पाठवल्यावर कॉम्प्युटर किती वेळ थांबतो.

इंटरनेटवरचा बराचसा डेटा टीसीपी नावाच्या पद्धतीने जातो. तुम्ही डेटाचा एक तुकडा पाठवता, समोरचा त्याची पोच देतो. ठरावीक वेळात पोच आली नाही तर तुकडा हरवला असं धरून पुन्हा पाठवायचा. आता अडचण अशी की पॅकेट हरवलं आणि पॅकेट उशिरा पोचतंय, या दोन गोष्टी पाठवणाऱ्याला अगदी सारख्याच दिसतात, दोन्हीत फक्त शांतता असते. फार थांबलं तर वेळ वाया जातो. लवकर हात टेकले तर वाटेत असलेलंच पॅकेट आपण दुसऱ्यांदा पाठवतो, आणि रस्ता आधीच तुंबलेला असेल तर अजून तुंबवतो.

हे कागदावरचं भय नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातली लाइन, अंतर जेमतेम ४०० यार्ड, सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरली. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं! लाइन तुटली नव्हती, ती भरून वाहत होती, पण त्यातला बराच माल पुन्हा पुन्हा पाठवलेला होता. व्हॅन जेकबसन यांनी माइक करेल्स यांच्यासोबत याचा माग काढला आणि १९८८ मध्ये पेपर लिहिला. त्यात इतर बऱ्याच गोष्टी आहेत, पण मला सगळ्यात आवडतो तो टाइमआउटचा हिशेब.

आधीचा नियम साधा होता : पोच यायला सरासरी जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट थांबा. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण दोन लाइन घ्या, दोन्हीची सरासरी १०० मिलिसेकंद. पहिलीवर पोच कायम ९५ ते १०५ मध्ये येते. दुसरीवर कधी ३० ला येते, कधी १७०, कधी २२० ला, म्हणजे सरासरीपासून साधारण ६० इकडे तिकडे. जुना नियम दोन्हीकडे २०० थांबणार. पहिलीवर ते उगाच जास्त आहे, ११० नंतरच खात्रीने म्हणता आलं असतं की पॅकेट गेलं. दुसरीवर ते कमी आहे, कारण २२० ला येणारी पोच तिथे रोजची गोष्ट आहे, तरी आपण २०० ला दुसरी प्रत सोडून मोकळे. आणि नेटवर्कवर गर्दी वाढली की नुसती सरासरी वाढत नाही, चढउतार त्याहून जोरात वाढतो. म्हणजे जुना नियम नेमका गर्दीच्याच वेळी चुकायचा.

जेकबसन यांचं उत्तर असं की सरासरीबरोबर चढउतारही मोजत राहा, आणि थांबा सरासरी अधिक चढउताराच्या चौपट. पहिल्या लाइनचा चढउतार ५ धरला तर १०० + २० म्हणजे १२०. दुसरीचा १०० + २४० म्हणजे ३४०. एकच सूत्र, पण प्रत्येक लाइनला तिच्या स्वभावाप्रमाणे वेळ मिळते. सरासरी काढायची पद्धतही हलकी आहे : जुन्या सरासरीचे सात हिस्से, नव्या मोजणीचा एक हिस्सा. आठने भागणं कॉम्प्युटरला बिट सरकवून जमतं, तेव्हाच्या मशीनसाठी ही मोठी गोष्ट होती.

आजही हे सूत्र चालू आहे आणि तुम्हाला डोळ्यांनी बघता येतं. लिनक्सवर `ss -ti` टाका, प्रत्येक कनेक्शनखाली असं काहीतरी दिसेल : `rto:220 rtt:18.4/3.1`. rto म्हणजे थांबायची वेळ, rtt मध्ये सरासरी १८.४ आणि चढउतार ३.१, सगळं मिलिसेकंदात. सूत्राने ३१ च्या आसपास यायला हवं, मग २२० का? कारण लिनक्स चढउताराच्या भागाला २०० मिलिसेकंदाची किमान मर्यादा लावतं. समोरचं मशीन कधीकधी पोच मुद्दाम थोडी रोखून धरतं, पुढच्या डेटासोबतच पाठवता यावी म्हणून, तेवढी सवलत द्यावी लागते.

बरं, वेळ संपली, आपण दुसरी प्रत पाठवली, आणि लगेच पोच आली. ही पोच कुठल्या प्रतीची? समजा पहिली शून्याला पाठवली, दुसरी १ सेकंदाला, पोच आली १.१ सेकंदाला. दुसरीची धरली तर लाइन ०.१ सेकंदाची, पहिलीची धरली तर १.१ ची. चुकून ०.१ धरलं तर आपण पुढच्या वेळी अजूनच लवकर हात टेकणार, पुन्हा चुकणार, आणि हे चक्र सुटतच नाही. फिल कार्न हे हॅम रेडिओवाले, रेडिओवर पॅकेट हरवणं नेहमीचंच, त्यांनी साधा मार्ग काढला : पुन्हा पाठवलेल्या पॅकेटची मोजणी सरळ फेकून द्या, आणि स्वच्छ मोजणी मिळेपर्यंत वाढवलेली वेळच चालू ठेवा.

वाढवलेली म्हणजे दुप्पट. प्रत्येक अपयशानंतर थांबायची वेळ दुप्पट करायची, म्हणजे रस्ता तुंबलेला असेल तर सगळे आपोआप मागे सरकतात. आणि इथेच माझे १२७ सेकंद सापडतात. नवीन कनेक्शनला मागचा काही अनुभव नसतो, म्हणून सुरुवात १ सेकंदाने. मग २, ४, ८, १६, ३२, ६४. पहिला प्रयत्न आणि सहा पुनर्प्रयत्न, बेरीज करून बघा, बरोबर १२७. बरीच वर्षं लिनक्सची ही ठरलेली सेटिंग होती, अलीकडच्या कर्नलमध्ये सुरुवातीचे काही प्रयत्न एकेक सेकंदाने होतात त्यामुळे तिथे हा आकडा कमी दिसेल.

आपण उगाच घाई करतोय का हे ओळखायचीही सोय आहे. तीच गोष्ट दोनदा मिळाली तर समोरचं मशीन पोचेसोबत तसं कळवू शकतं, आणि लिनक्स ते मोजून ठेवतं :

```
nstat -az TcpRetransSegs TcpExtTCPDSACKRecv
```

पहिला आकडा किती वेळा पुन्हा पाठवलं त्याचा, दुसरा समोरून किती वेळा «हे आधीच मिळालंय» असं आलं त्याचा. दुसरा पहिल्याच्या जवळ जायला लागला तर पॅकेट हरवत नाहीयेत, आपणच घाई करतोय.

टीसीपीच्या आत दोनदा पोचलेल्या पॅकेटने काही बिघडत नाही, कारण प्रत्येक बाइटला क्रमांक असतो आणि जास्तीची प्रत समोरचा टाकून देतो. पण टीसीपीने पूर्ण हात टेकले की हे संरक्षण तिथेच संपतं. तुमच्या ॲपला फक्त एवढंच कळतं की उत्तर आलं नाही. विनंती पोचलीच नाही, की काम झालं आणि फक्त उत्तर वाटेत गेलं, हे कळत नाही. दुकानात यूपीआय पेमेंट पेंडिंगवर अडकतं तेव्हा नेमकं हेच असतं, आणि म्हणूनच घाईने दुसरं पेमेंट केलं की पैसे दोनदा जाऊ शकतात. नीट लिहिलेली सिस्टिम तिथे नवीन विनंती बनवत नाही, जुन्याच व्यवहार क्रमांकाने विचारते की याचं काय झालं, आणि पुन्हा पाठवायचंच असेल तर तोच क्रमांक लावून पाठवते, म्हणजे काम आधीच झालेलं असेल तर समोरचा पुन्हा करत नाही, जुनंच उत्तर परत देतो.