संधी खर्च (रविवारच्या सुट्टीचं उदाहरण)

संधी खर्च म्हणजे एखादी गोष्ट निवडताना हातची सुटलेली जी सगळ्यात चांगली दुसरी गोष्ट, तिची किंमत. पाठ्यपुस्तकांत वैकल्पिक खर्च, पर्यायी खर्च अशी नावंही दिसतात, अर्थ तोच. रविवार मोकळा आहे, अभ्यास करायचा का रोजाने जायचं, असा प्रश्न असेल तर अभ्यासाचा खर्च नुसता वही-पेनाचा नसतो, बुडालेला रोजही त्यात धरावा लागतो, इथपर्यंत बहुतेकांना पटतं. तो रोज नेमका किती आणि कसा धरायचा, तिथे मात्र भले भले चुकतात.

उगम

कल्पना पहिल्यांदा कोणी मांडली यावर एकमत नाही. बेंजामिन फ्रँकलिन याने १७४८ मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला दिलेल्या सल्ल्यात हाच हिशोब आहे: दिवसाला दहा शिलिंग कमावणारा माणूस अर्धा दिवस बसून राहिला आणि मौजेवर सहाच पेन्स घालवले, तरी त्याने आणखी पाच शिलिंग घालवले असंच धरायचं. फ्रेंच लेखक फ्रेडरिक बास्तिया याच्या १८५० च्या निबंधात डोळ्याला दिसणारे आणि न दिसणारे परिणाम वेगळे केलेत, त्यामुळे काही जण मान त्याला देतात. पण दोघांकडेही खर्चाचा सिद्धांत म्हणून मांडणी नाही, निरीक्षण आहे.

सिद्धांत म्हणून श्रेय सहसा ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिश फॉन वीझर याला जातं. बरीच पुस्तकं त्याच्या १९१४ च्या ग्रंथाचं साल देतात आणि संज्ञाही त्याचीच म्हणतात, ते मात्र जरा तपासून घ्यावं, कारण त्याच्या या विषयावरच्या कल्पना १८८४ आणि १८८९ च्या पुस्तकांत आधीच आल्यात, आणि संज्ञा तर १८९४ मध्ये डेव्हिड ग्रीन याच्या लेखाच्या नावातच आहे. तेव्हा कल्पना वीझरची आणि नाव ग्रीनचं असं म्हणणं जास्त सोयीचं. ग्रीनच्या लेखात कष्टाचा खर्च आणि संधीचा खर्च अशी दोन टोकं समोरासमोर ठेवलीत, म्हणजे अंग मोडून काम केल्याचा त्रास हा खर्च, का त्या वेळात दुसरं जे करता आलं असतं ते हा खर्च. आपल्या रविवारात दोन्ही येतात, ते पुढे बघू.

हिशोब

समजा रावेर तालुक्यातला बी.कॉम.चा एक पोरगा आहे, अकाउंट्सचा पेपर जवळ आलाय. शनिवारी संध्याकाळी केळीच्या गाडीचा मुकादम विचारतो, "येतो का रे उद्या, कटाई आहे, सहाशे देतो." वावर लांब आहे, मोटारसायकलला ६० रुपयांचं पेट्रोल लागेल. गावातच एका लग्नात वाढप्याचं काम पण आहे, त्याचे ४५० मिळतील. तिसरा पर्याय अभ्यासिकेत बसून अभ्यास, त्यासाठी ४० रुपयांच्या झेरॉक्स काढाव्या लागतील. अभ्यासिकेची महिन्याची फी ५०० आधीच भरलेली आहे. (आकडे उदाहरणापुरते.)

अभ्यासाचा खर्च काढताना कटाई आणि लग्न दोन्हींचे पैसे मिळवायचे नाहीत, कारण एका रविवारी तो एकाच ठिकाणी जाऊ शकला असता. कटाईतून पेट्रोल वजा जाता ५४० सुटतात, ते ४५० पेक्षा जास्त, म्हणून सुटलेली संधी ५४० ची, त्यात झेरॉक्सचे ४० मिळवले की अभ्यासाचा एकूण खर्च ५८०. अभ्यासिकेची फी धरायची नाही, तो बसला काय न बसला काय ती गेलेलीच आहे, आणि दुपारचा डबाही नाही, कारण तो घरूनच नेणार आणि कुठेही गेला तरी खाणारच. दोन्हीकडे सारखं होणारं काही हिशोबात घुसलंय का, एवढं बघितलं की निम्म्या चुका सापडतात.

आता ग्रीनचा कष्टाचा मुद्दा. घड डोक्यावरून वाहून गाडी भरणं सोपं नाही, सोमवारी मान-खांदे धरतात. समजा तेवढा त्रास त्याच्या मते १५० रुपयांचा आहे, वाढप्याच्या कामाचा त्रास मात्र त्याला वाटत नाही. मग कटाईची खरी किंमत ३९० उरते आणि दुसऱ्या नंबरावर लग्नाचे ४५० येतात! अभ्यासाचा खर्च ५८० वरून ४९० झाला, म्हणजे नुसता आकडाच कमी झाला असं नाही तर सुटलेली संधीच बदलली. म्हणून जास्त रोजाचं काम म्हणजेच पुढची चांगली संधी, असं डोळे झाकून धरू नये.

ढोबळ की निव्वळ

२००५ मध्ये पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी १९९ अर्थतज्ज्ञांना एक सोपं वाटणारं गणित घातलं. एका गायकाच्या कार्यक्रमाचं फुकट तिकीट हातात आहे, त्याच रात्री दुसऱ्याचा ४० डॉलरचा कार्यक्रम आहे ज्याला तुम्ही ५० पर्यंत द्याल, तर पहिल्याला जाण्याचा संधी खर्च किती? त्यांच्या मते उत्तर १०, म्हणजे ५० मधून तिकिटाचे ४० वजा करून उरलेले. बरोबर सांगणारे निघाले २१.६ टक्के, पर्याय चार होते, म्हणजे डोळे मिटून टिक केलं असतं तरी २५ टक्के आले असते. पुढे २०१२ मध्ये पॉटर आणि सँडर्स यांनी हरकत घेतली की दोष तज्ज्ञांचा कमी आणि व्याख्येचा जास्त, वाचलेले ४० डॉलर कुठल्या बाजूला मांडायचे यावर उत्तर बदलतं.

हरकत वजनदार आहे, पण रोजच्या हिशोबाला सुटलेल्या संधीतून तिचा खर्च वजा करायची निव्वळ पद्धतच बरी वाटते. शरीराचा त्रास बाजूला ठेवून तेच आकडे घ्या. समजा रविवारचा अभ्यास त्या पोराला ६१० रुपयांचा वाटतो. निव्वळ पद्धतीने खर्च ५८०, म्हणजे अभ्यास करावा. ढोबळ पद्धतीने, म्हणजे पेट्रोल वजा न करता, खर्च ६४०, पण वाचलेलं पेट्रोल फायद्यात टाकलं की फायदा ६७०, फरक तोच ३० चा. गडबड होते ती अर्धी ही आणि अर्धी ती पद्धत वापरली की, ६४० समोर नुसते ६१० ठेवले तर पोरगा उगाच कटाईला जाईल.

कामाचा प्रकार

गाडी भरायचं काम अर्धं सोडून येता येत नाही, पूर्ण दिवस द्यायचा नाहीतर नाही. कापूस वेचणी तशी नाही, ती किलोवर असते, सकाळी थोडी वेचून दुपारी पुस्तक उघडता येतं, त्यामुळे तिथे अख्खा रविवार न मोजता पुढच्या एका तासाचा खर्च मोजावा, आणि ऊन चढलं, हात मंदावला की तो तास स्वस्त होत जातो. काम मिळेलच याची खात्री नसली, नुसतं चौकात जाऊन उभं राहायचं असलं, तर पूर्ण ६०० धरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक, मिळण्याची शक्यता निम्मी असेल तर ३०० च धरावेत.

घरचं काम

घरच्या वावरात राबलं तर रोज कोणी देत नाही, म्हणून तो रविवार फुकटचा मानायची पद्धत आहे. पण पोरगा अभ्यासाला बसला आणि बापाला त्याच्या जागी मजूर लावावा लागला तर तो रोज हाच खर्च, आणि मजूर लावायची गरजच नव्हती तर खर्च जवळपास शून्य. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या ए२ + एफएल खर्चात प्रत्यक्ष झालेल्या खर्चाबरोबर घरच्या माणसांच्या कामाची अशीच अंदाजे किंमत धरतात, आणि सी२ मध्ये त्याच्या जोडीला स्वतःच्या जमिनीचं भाडं व स्वतःच्या भांडवलाचं व्याजही येतं. हमीभाव यातल्या कुठल्या खर्चावर ठरावा, यावरच सगळा वाद चालतो.