थकलेल्या धंद्याच्या कर्जासाठी एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव : अर्ज कुठे अडतो, कागद कोणते लागतात

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आणि पूर्व भागातले यंत्रमागधारक पूर्ण बाकीऐवजी कमी रक्कम भरून कर्ज मिटवण्यासाठी बँकेला तडजोडीचे पत्र देतात आणि महिन्याभराने एका ओळीचे उत्तर घेऊन परत येतात : 'आपला प्रस्ताव विचारात घेता येत नाही.' कारण लिहिलेले नसते. बँकेने निदान कोणता कागद कमी पडला एवढे तरी कळवायला हवे, पण ते क्वचितच घडते. नाकारलेली पत्रे वाचली की बहुतेकांत एकच उणीव दिसते. देऊ केलेली रक्कम कशावरून आली आणि ती कुठून भरणार, हे पत्रातल्या कागदांवरून सिद्ध होत नाही.

पात्रता थोडक्यात अशी. खाते एनपीए झालेले असावे, म्हणजे हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलेले असावे. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही. बिजनोर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की न्यायालय बँकेला तडजोड करायला भाग पाडू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक बँकेचे याबाबत संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण असते. म्हणून आधी शाखेत लेखी विचारा की सध्या कोणती योजना चालू आहे, तिची मुदत कधी संपते आणि सुरुवातीला किती टक्के रक्कम भरावी लागते.

पत्र वाचणारा माणूस शाखेत बसत नाही

त्याच परिपत्रकात आणखी एक नियम आहे. तडजोड मंजूर करणारा अधिकारी कर्ज मंजूर करणाऱ्यापेक्षा निदान एक पायरी वरचा असावा लागतो, आणि ज्याने ते कर्ज मंजूर केले होते त्याला या निर्णयात भाग घेता येत नाही. त्यामुळे शाखाधिकाऱ्याने 'बघू, होईल काहीतरी' म्हटले तरी त्यावर विसंबू नका. तुमची फाइल ज्याच्यापुढे जाईल त्याने तुमचा कारखाना पाहिलेला नसतो. धागा महागला, कामगार गावी गेले, घरात आजारपण आले, हे सगळे खरे असले तरी पत्रात त्याला एक परिच्छेद पुरे. बाकी सगळी जागा आकड्यांना द्या.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे केले आहेत. टॉवेल विणणारा आठ मागांचा कारखाना. २०१९ मध्ये मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट मिळाले, सप्टेंबर २०२२ अखेर खाते एनपीए झाले. तीन वर्षांनी खातेउताऱ्यावर बाकी २२ लाख दिसते, पण वसुलीच्या पत्रात बँक ३० लाख मागते. मालकाला वाटते बँकेने फसवले. तसे नसते. खाते एनपीए झाल्यावर बँक व्याज खात्यावर चढवत नाही, पण करारानुसार ते बाजूला मोजत राहते. ११ टक्क्यांनी तीन वर्षांचे साधारण आठ लाख होतात. प्रस्ताव लिहिण्याआधी बँकेकडून दोन्ही आकडे वेगवेगळे लेखी मागून घ्या : उताऱ्यावरची बाकी आणि न चढवलेले व्याज. तुमची सूट आधी त्या आठ लाखांतून जाते आणि मगच मुद्दलाला हात लागतो. बँकेच्या टिपणीत हा फरक फार मोठा मानला जातो.

या मालकाने पहिल्या पत्रात आठ लाख देऊ केले. आठच का, याचे कारण पत्रात नव्हते.

बँक कसा विचार करते ते पाहा. गहाण घराची बाजारकिंमत मूल्यांककाने २४ लाख काढली, पण लिलावात १८ लाख येतील. माग जुने, त्यांचे तीन लाख. एकूण २१. ही वसुली व्हायला दोन वर्षे लागतील असे धरले आणि दहा टक्क्यांनी आजची किंमत काढली तर ती सव्वासतरा लाखांच्या आसपास येते. नोटिसा, वकील, लिलावाचा खर्च वजा केला की साडेसोळा ते सतरा लाख. म्हणजे आज सतराच्या वर देणारा माणूस बँकेच्या फायद्याचा आणि आठ देणारा उघड तोट्याचा. दुसऱ्या पत्रात मालकाने १८ लाख लिहिले आणि हाच हिशेब सोबत जोडला. बोलणी १९.५० लाखांवर थांबली. मूल्यांकन अहवाल मात्र बँकेच्या यादीतल्या मूल्यांककाचाच घ्या, नाहीतर तो बाजूला ठेवला जातो.

जो कागद कोणाकडेच नसतो

बँकेने दिलेल्या कागदांच्या यादीत लिहिलेले असते : 'मागील तीन वर्षांचे ताळेबंद व नफातोटा पत्रक.' लहान कारखानदारांपैकी पुष्कळजण आयकर कलम ४४एडीखाली अंदाजित नफ्यावर विवरणपत्र भरतात. त्यांनी ताळेबंद बनवलेलाच नसतो, आणि धंदा बंद पडल्यावर तर विवरणपत्रही भरलेले नसते. मग घाईत कोणीतरी मागच्या तारखेचा ताळेबंद बनवून आणतो. हे करू नका. सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन क्रमांक असतो, बँक तो संकेतस्थळावर तपासते, आणि प्रमाणपत्र आज दिले हे तिथे दिसते.

त्याऐवजी आजच्या तारखेचे मालमत्ता आणि देण्यांचे विवरण लेखापालाकडून घ्या, आणि ताळेबंद का नाही ते पत्रात सरळ लिहा. उलाढाल घसरल्याचा पुरावा म्हणून जीएसटीआर-३बी आणि बँकेचे उतारे जोडा. यंत्रमागधारकासाठी याहून बोलका कागद महावितरणचे बिल आहे. माग किती चालले ते युनिटवरून कळते, आणि महिन्यागणिक युनिट घसरत गेलेली बिले सलग लावली की धंदा कधी थांबला हे सांगावे लागत नाही.

आता खरी अडचण. कॅश क्रेडिटसाठी तुम्ही दर महिन्याला बँकेला साठ्याचे पत्रक देत होता. आपल्या उदाहरणात मार्च २०२२ च्या शेवटच्या पत्रकात १८ लाखांचा माल आणि नऊ लाखांची येणी दाखवली होती. आज मालक म्हणतो, काहीच शिल्लक नाही. बँकेचा पहिला प्रश्न हाच असतो : २७ लाख गेले कुठे? उत्तर नसेल तर पैसा दुसरीकडे वळवल्याचा संशय येतो, आणि हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवण्याची भाषा सुरू होते. तिथून प्रस्ताव परत रुळावर आणणे फार कठीण.

म्हणून एका पानाचा जुळवणी तक्ता बनवा. १८ लाखांचा माल पडत्या भावात १३ लाखांना गेला, पाच लाख तोटा. नऊ लाखांच्या येण्यांपैकी पाच वसूल झाले, चार बुडाले. हाती आले १८ लाख. त्यातून सूत व्यापाऱ्यांना सात, बँकेला सहा, मजुरी आणि विजेला पाच. प्रत्येक ओळीसमोर बँक उताऱ्याच्या पानाचा क्रमांक घाला, आणि बुडालेल्या येण्यांसाठी पाठवलेल्या नोटिशीची प्रत जोडा. काही पैसा घरखर्चाला किंवा लग्नाला गेला असेल तर तोही लिहा. तो सूत व्यापाऱ्याच्या नावावर दाखवला तर जीएसटीच्या नोंदींशी मेळ लागत नाही, आणि एका खोट्या ओळीमुळे बाकीच्या खऱ्या ओळींवरचा विश्वास जातो.

जामीनदाराचेही मालमत्ता विवरण लागते. अक्कलकोट तालुक्यातली जामीनदार मेहुण्याची दोन एकर जमीन लपवण्याचा मोह होतो. सातबारा घरबसल्या दिसतो, बँकेलाही दिसतो. जमीन दाखवा, आणि तिच्यावर आणखी कोणाचा बोजा किंवा हिस्सा असेल तर त्याचा कागद जोडा.

पैसे कुठून येणार

'नातेवाईक मदत करणार आहेत' हा आधार बँक मानत नाही. देणाऱ्याचे संमतीपत्र आणि त्याच्या पासबुकाची प्रत हवी. आपल्या मालकाने आईच्या नावावरचा प्लॉट विकायचे ठरवले, तेव्हा नोंदणीकृत साठेखत जोडले. नातेवाइकाकडून उसने घ्यायचे असतील तर खात्यातूनच घ्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख उसनी घेणे आयकर कायद्यात बसत नाही.

माग विकून काही रक्कम उभी करणार असाल तर आधी बँकेची लेखी परवानगी घ्या आणि खरेदीदाराचे पैसे थेट बँकेत भरायला लावा. ते माग बँकेकडे तारण आहेत. भंगारवाल्याला गुपचूप विकले तर फौजदारी तक्रारीपर्यंत वेळ जाऊ शकते, आणि असे घडलेले आहे.

सुरुवातीची रक्कम बहुतेक ठिकाणी पाच ते दहा टक्के असते. ती कर्जखात्यात भरू नका, नो-लियन खात्यात ठेवा, म्हणजे ज्यातल्या पैशावर बँकेचा हक्क चालत नाही अशा वेगळ्या खात्यात. कर्जखात्यात गेलेली रक्कम प्रस्ताव नाकारला तरी परत येत नाही. पत्रातला मुख्य परिच्छेद असा असू शकतो :

> 'उताऱ्यावरील रु. २२ लाख बाकीपोटी आम्ही रु. १८ लाख अंतिम तडजोड म्हणून देऊ इच्छितो. यापैकी रु. १.८० लाख नो-लियन खात्यात जमा केले असून प्रस्ताव नामंजूर झाल्यास ते परत मिळावेत. उर्वरित रक्कम मंजुरीपत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत भरू. रक्कम उभी करण्याचे स्रोत परिशिष्ट ३ मध्ये पुराव्यांसह दिले आहेत. पूर्ण भरणा झाल्यावर कर्जदार व जामीनदार मुक्त व्हावेत आणि सर्व कारवाया मागे घ्याव्यात.'

नव्वद दिवसच का? भरणा तीन महिन्यांपुढे गेला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ती तडजोड कर्जाची पुनर्रचना धरली जाते, म्हणून बँका त्यापलीकडे सहसा जात नाहीत. दिवस मोजताना बरेचजण पत्र हाती आल्यापासून मोजतात आणि शेवटच्या आठवड्यात अडकतात. मंजुरीपत्रात काय लिहिले आहे ते वाचा. बहुधा पत्रावरची तारीखच धरतात. मुदत चुकली तर तडजोड रद्द होते आणि भरलेले पैसे जुन्या बाकीत वळते होतात. मुदत वाढवून द्या, असे न्यायालयही बँकेला सांगत नाही.

दुसरी मुदत सरफेसी कायद्याची, म्हणजे ज्याखाली बँक न्यायालयात न जाता तारण मिळकत ताब्यात घेऊन विकू शकते त्या कायद्याची. कलम १३(२) च्या नोटिशीतले साठ दिवस नोटिशीच्या तारखेपासून धावतात आणि तडजोडीचा अर्ज दिल्याने थांबत नाहीत. नोटिशीला वेगळा लेखी आक्षेप द्या. बँकेने त्याला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे असते. लिलावाची जाहीर सूचना निघाली की पूर्ण पैसे भरून मिळकत सोडवण्याचा कायदेशीर हक्क संपतो, आणि अनेकजण नेमके तोपर्यंत 'अर्ज वर गेला आहे' म्हणत थांबलेले असतात. पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा चालू असेल तर तडजोड तिथे संमतीने नोंदवून घ्यावी लागते.

पैसे भरून झाल्यावर नुसती 'नो ड्यूज' चिठ्ठी घेऊन परतू नका. मूळ दस्त, जामीनदारांच्या मुक्ततेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचे पत्र त्याच वेळी मागा. शहरातल्या मिळकतीसाठी ते नगर भूमापन कार्यालयात देऊन मिळकत पत्रिकेवरची नोंद कमी करून घ्या, शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे. सिबिलवर खाते 'सेटल्ड' दिसेल आणि तीच बँक निदान बारा महिने नवे कर्ज देणार नाही. सोडलेल्या रकमेवर आयकर लागतो का, हे लेखापालाला त्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याआधी विचारा.