बलकातलं कोलेस्टेरॉल रक्तात किती पोहोचतं?

रात्री नऊनंतर दादर स्टेशनाबाहेरच्या भुर्जीपावाच्या गाडीशी थोडा वेळ उभं राहिलं की एक मागणी हमखास कानावर पडते: "भाऊ, पिवळं काढा, नुसतं पांढरं टाका." गाडीवाला मुकाट्याने दोन बलक बाजूला काढतो आणि तव्यावर बटरचा भलामोठा तुकडा सोडतो. पिवळं नको म्हणणाऱ्याच्या खिशात बहुधा नुकताच आलेला लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट असतो, आणि बटरबद्दल तो काहीच बोलत नाही.

त्याची भीती अगदीच निराधार नाही. एका अंड्याच्या बलकात साधारण 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, आणि रोजच्या जेवणातल्या दुसऱ्या कुठल्याही एका जिन्नसातून एवढं क्वचितच मिळतं. खाल्लेलं कोलेस्टेरॉल थेट रक्तात जाऊन बसत असेल, असं वाटणंही साहजिक आहे. पण ताटातून रक्तात जाईपर्यंत त्याला दोन ठिकाणी अडवलं जातं, एकदा आतड्यात आणि एकदा यकृतात.

आधी आतड्याचं पाहू. अंडं पोटातून लहान आतड्यात उतरतं, तेव्हा तिथे कोलेस्टेरॉल आधीपासूनच हजर असतं. यकृत पित्त तयार करतं आणि त्या पित्ताबरोबर रोज साधारण 1000 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आतड्यात सोडतं. आयुष्यात कधी अंड्याला हात न लावलेल्या शाकाहारी माणसाच्या आतड्यातही ते येतच असतं. म्हणजे एक अंडं खाल्लं की आतड्यातलं कोलेस्टेरॉल 1000 वरून 1200 होतं. शून्यावरून 200 होत नाही. बलकाबद्दल बोलताना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

या 1200 पैकी सगळं शोषलंही जात नाही. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पित्तक्षार त्याला अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळून आतड्याच्या भिंतीपर्यंत नेतात. तिथल्या पेशींवर एनपीसी1एल1 नावाचं प्रथिन असतं. कोलेस्टेरॉलला पेशीत शिरायची वाट हेच प्रथिन करून देतं. त्याचं हे काम संशोधकांना 2004 साली उमगलं. इझेटिमिब नावाची गोळी काही रुग्णांना दिली जाते, ती नेमकी हीच वाट अडवते. आत शिरलेल्या कोलेस्टेरॉलपैकी काही भाग त्याच पेशींतला दोन प्रथिनांनी बनलेला पंप उचलून परत आतड्यात टाकतो आणि तो शौचावाटे निघून जातो. सगळं मिळून बहुतेक माणसांत निम्म्याच्या आसपास कोलेस्टेरॉल शोषलं जातं. पण माणसामाणसांत फरक फार मोठा असतो. कुणी जेमतेम पाव हिस्सा शोषतं, तर कुणी पाऊण हिश्शापर्यंत जातं.

सरासरी माणसाच्या बाबतीत एका अंड्यातून अशा रीतीने जवळपास 100 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल शरीरात येतं. आता पुढचा नाका यकृताचा.

शरीर स्वतःच रोज 800 ते 1000 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल बनवतं, कारण प्रत्येक पेशीच्या आवरणाला, पित्तक्षारांना आणि कित्येक संप्रेरकांना ते लागतं. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी वर आलं की तरंगता चेंडू जसा नळ बंद करतो, तसं काहीसं यकृताच्या पेशीत घडतं. पेशीत कोलेस्टेरॉल वाढलं की एसआरईबीपी-2 नावाचं प्रथिन आपल्या जागीच अडकून राहतं आणि पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचलं नाही की कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या मुख्य एन्झाइमचं उत्पादन घटतं. अंड्यातून 100 मिलिग्रॅम आले, तर यकृत स्वतःचं काम तेवढ्या प्रमाणात आवरतं घेतं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी कोलेस्टेरॉलच्या या नियंत्रणावर केलेल्या कामाला 1985 चं नोबेल मिळालं.

मग परिणाम शून्य का होत नाही? त्याचं कारणही याच यंत्रणेत आहे. एसआरईबीपी-2 दोन कामं करतं. ते कोलेस्टेरॉल बनवायला लावतं आणि यकृताच्या पेशीवर एलडीएल पकडणारी प्रथिनं, म्हणजे ग्राहकही वाढवतं. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ज्यांना बोलीत वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात. हे ग्राहक रक्तातले एलडीएलचे कण ओढून आत घेतात. म्हणून एसआरईबीपी-2 शांत झालं की उत्पादन घटतं, पण त्याचबरोबर ग्राहकही थोडे कमी होतात आणि रक्तातलं एलडीएल काहीसं जास्त वेळ फिरत राहतं. स्टॅटिन गोळ्यांचा परिणाम नेमका उलट्या दिशेने होतो. त्या एन्झाइम अडवतात, पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडतं, ग्राहक वाढतात आणि एलडीएल उतरतं.

या सगळ्या वजाबाकीनंतर उरतं किती, तेही मोजलेलं आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2001 साली काटेकोर आहार दिलेले 17 प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. रोजच्या आहारात 100 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल वाढलं की रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी 2.2 अंकांनी वाढतं, असं त्यातून निघालं. अंक म्हणजे रिपोर्टमधलं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे रोज एक अंडं जास्त खाल्लं तर साधारण 4 अंक. एकूण कोलेस्टेरॉल 200 असलेल्या माणसाचं ते 204 होईल. वाढ खरी आहे, पण लोकांना वाटते तितकी मोठी नाही.

या यंत्रणेची ताकद किती ताणली जाऊ शकते, याचं एक विलक्षण उदाहरण वैद्यकीय साहित्यात आहे. 1991 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे डॉक्टर फ्रेड कर्न यांनी एका 88 वर्षांच्या गृहस्थांची नोंद प्रसिद्ध केली. ते कित्येक वर्षं रोज सुमारे 25 अंडी खात होते. ही सवय त्यांना सोडवत नव्हती. 25 अंडी म्हणजे दिवसाला सुमारे 5000 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल. तरी त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल 200 च्या आसपास होतं. कर्न यांनी त्यांची तुलना काही निरोगी स्वयंसेवकांशी केली. त्या स्वयंसेवकांना त्यांनी रोज पाच अंडी दिली. स्वयंसेवकांनी आलेल्या कोलेस्टेरॉलपैकी सुमारे 46 टक्के शोषलं, या आजोबांनी फक्त 18 टक्के.

हिशोब करून बघा. 5000 चे 18 टक्के म्हणजे 900 मिलिग्रॅम. निम्मं शोषलं असतं तर 2500 आत आले असते. म्हणजे मोठा भाग आतड्यातच थोपवला गेला. जे आत आलं त्याची विल्हेवाट यकृताने आणखी एका मार्गाने लावली. कोलेस्टेरॉलचं पित्तक्षारांत रूपांतर करण्याचा त्यांचा वेग स्वयंसेवकांच्या जवळपास दुप्पट होता.

हे उदाहरण सांगून कुणी रोज डझनभर अंडी खायला लागू नये. हा एकाच माणसाचा दाखला आहे, आणि त्यांचं एलडीएल 142 होतं, जे आजच्या मोजपट्टीने जास्तच मानलं जातं. मात्र शरीराकडे आवरून घेण्याचे किती मार्ग आहेत, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

आता पुन्हा त्या गाडीकडे येऊ, कारण खरा हिशोब तव्यावर आहे. समजा, दोन अंड्यांच्या भुर्जीत आणि पावाला मिळून 20 ग्रॅम बटर गेलं. त्यात सुमारे 10 ग्रॅम संपृक्त चरबी असते. दोन अख्ख्या अंड्यांत ती जेमतेम 3 ग्रॅम असते. संपृक्त चरबी यकृतावरच्या एलडीएल ग्राहकांचं काम मंदावते, आणि बलकातल्या कोलेस्टेरॉलला अडवायला जशी आतड्याची वेस आहे तशी हिला नाही, ती जवळपास सगळी शोषली जाते. रोज 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने हे 20 ग्रॅम बटर रोज खाण्याऐवजी सूर्यफुलाचं तेल वापरलं, तर त्याचं एलडीएल सरासरी सात-आठ अंकांनी उतरेल असा अंदाज निघतो. दोन्ही बलक सोडले तरी उतरण साधारण तेवढीच. पण बलकाबरोबर प्रथिनं, कोलीन, ब12 आणि ड जीवनसत्त्वही ताटातून जातं. बटर सोडून असं काही फारसं गमवावं लागत नाही. म्हणून पिवळं काढून बटर तसंच ठेवणं मला उफराटं वाटतं. भुर्जी तेलात करून घ्यावी आणि पाव कोरा भाजायला सांगावा.

हे सगळं सरासरीचं झालं, आणि सरासरीत प्रत्येक जण बसत नाही. ज्यांचं आतडं जास्त शोषतं किंवा ज्यांचं यकृत तेवढं आवरून घेत नाही, त्यांचं कोलेस्टेरॉल अंड्यांनी बरंच जास्त वाढतं. आपण त्यांच्यापैकी आहोत का, हे कळायला एकच उपाय: आधी तपासणी, मग चार ते सहा आठवडे ठरलेली अंडी, बाकीचं जेवण आणि वजन तसंच ठेवून, आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी. इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. काहीही न बदलता एकाच माणसाचं एलडीएल दोन तपासण्यांत पाच ते दहा टक्के इकडेतिकडे होतं. 130 असेल तर 138 येणं हा अंड्याचा पुरावा नाही. 130 चं 160 झालं, पुन्हा तपासूनही तेवढंच आलं आणि अंडी थांबवल्यावर उतरलं, तर तुमच्यासाठी बलक मोजून खाणं योग्य.

मधुमेह असलेल्यांची गोष्टही वेगळी धरावी. त्यांच्याबाबत काही निरीक्षणात्मक अभ्यासांत जास्त अंडी आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला आहे, काहींत दिसलेला नाही. त्यांनी रोजच्या अंड्यांची संख्या डॉक्टरांशी बोलून ठरवावी. आणि ज्यांचं एलडीएल 190 च्या वर आहे, ज्यांच्या घरात वडिलांना किंवा भावाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला आहे, त्यांनी बलकाचा हिशोब करत बसू नये. त्यांच्यात एलडीएल ग्राहकांचं जनुकच जन्मापासून बिघडलेलं असण्याची शक्यता असते. अशा माणसाने एकही अंडं खाल्लं नाही तरी त्याचं एलडीएल पुरेसं उतरत नाही, औषध घ्यावंच लागतं, आणि त्याच्या मुलांची तपासणीही लहानपणीच करून घ्यावी लागते.