मायक्रोवेव्हमध्ये कोणतं भांडं चालतं हे ओळखणं

मायक्रोवेव्हमध्ये चालणारं भांडं म्हणजे जे लहरी आरपार जाऊ देतं आणि स्वतः जवळपास थंड राहतं, आतल्या अन्नाची उष्णता सोसतं आणि तापल्यावर स्वतःतलं काही अन्नात सोडत नाही. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि सगळा घोळ होतो तो तिन्हींचं उत्तर एकाच खुणेत किंवा एकाच चाचणीत शोधल्यामुळे. घरी करता येणारी कपभर पाण्याची चाचणी फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. सिरॅमिकसाठी ती फारच कामाची आहे, काचेसाठी अर्धवट, प्लास्टिकसाठी जवळजवळ निरुपयोगी, आणि सोनेरी-चंदेरी काठाच्या भांड्यावर तर ती करायचीच नाही.

चाचणी अशी. ज्याची खात्री आहे अशा साध्या काचेच्या मेजरिंग कपात 250 मिली पाणी घ्यायचं, ज्याच्यावर शंका आहे तो मग किंवा बाऊल रिकामा आणि कोरडा त्याच्या शेजारी ठेवायचा, फुल पॉवरवर 1 मिनिट चालवायचं आणि मग दोन्हींना हात लावून बघायचं, भांड्याला आधी बोटाच्या मागच्या बाजूने हळूच कारण ते चांगलंच भाजू शकतं. पाणी गरम आणि भांडं थंड असेल तर लहरी त्यातून आरपार गेल्या, भांडं पास. भांडं गरम झालं असेल तर त्याने लहरी स्वतःच खाल्ल्या, नापास. नुसतं कोमट झालं असेल तर अर्धा-एक मिनिट काही गरम करायला मी वापरेन पण त्यात दहा मिनिटं काही शिजवणार नाही.

इथे बरेच जण पाणी त्या मगमध्येच ओततात आणि मग चाचणी फुकट जाते, कारण गरम पाण्याने मग तसाही तापतोच, मग उष्णता लहरींची की पाण्याची हे कळणार कसं. म्हणून पाणी शेजारी. आणि पाणी अजिबात न ठेवता रिकामं भांडं एकटं फिरवायचं नाही, लहरी शोषायला आत काहीच नसेल तर त्या उलट फिरून मॅग्नेट्रॉनवर ताण देतात (मॅग्नेट्रॉन म्हणजे लहरी तयार करणारा भाग).

एक उदाहरण आकड्यांत बघू. समजा ओव्हन 800 वॉटचा आहे, पाणी 25 अंशांवर. एका मिनिटात 48,000 जूल ऊर्जा मिळते, 250 मिली पाणी 1 अंशाने तापायला साधारण 1,045 जूल लागतात, म्हणजे सगळी ऊर्जा पाण्यात गेली तर ते 46 अंशांनी वाढून 71 वर जायला हवं. प्रत्यक्षात थोडी वाया जाते, तर शेजारी चांगला मग असताना पाणी 62 च्या आसपास निघालं असं धरू. आता तोच प्रयोग दुसऱ्या मगबरोबर केला, पाणी परत 25 अंशांचंच घेतलं, आणि या वेळी ते 50 वरच अडकलं. हे 12 अंश गेले कुठे? बारा हजार जूलच्या वर ऊर्जा त्या मगने घेतली, आणि 350 ग्रॅमच्या मगला ती 40 अंशांनी तापवायला पुरते, म्हणजे मग 65 अंशांवर, कानाला धरून उचलताना हात सोडावा लागेल इतका. म्हणूनच नापास मगमध्ये दूध कोमट आणि कान चटका देणारा अशी उलटी गंमत होते, आणि ते दूध गरम होईना म्हणून माणूस अजून एक मिनिट वाढवतो, तिथेच मग तडकतो किंवा हातातून सुटतो.

पण सिरॅमिक लहरी खातं तरी का? बहुतेक वेळा माती नाही, मातीत शिरलेलं पाणी हे कारण असतं. पोर्सिलेनसारखं कडक भाजलेलं भांडं 0.5 टक्क्यांहूनही कमी पाणी शोषतं, पण कमी तापमानाला भाजलेली मातीची भांडी आतून स्पंजासारखी सच्छिद्र असतात आणि वरचं ग्लेझ म्हणजे तो चकचकीत काचेसारखा थर, तोच त्यांचा रेनकोट असतो. मग उलटा करून तळाची कडा बघा, जी टेबलावर टेकते ती. तिथे ग्लेझ नसतं, कोरी माती दिसते, आणि रात्रभर सिंकमध्ये पडलेला मग तिथूनच पाणी पितो. ग्लेझवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडलं असेल, चहाचे डाग त्या भेगांमध्ये भरून तपकिरी रेघा दिसत असतील तर तिथूनही पाणी आत जातं. नवा असताना पास झालेला मग दोन वर्षांनी तापायला लागतो तो यामुळे.

हे किचनच्या वजनकाट्यावर सरळ दिसतं. मग तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्यायचा, वजन करायचं, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, बाहेरून नीट पुसायचा आणि परत वजन करायचं. समजा 350 ग्रॅमचा मग 362 ग्रॅम भरला, तर 12 ग्रॅम पाणी त्याच्या अंगात आहे, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एवढं पाणी मातीच्या आत तापून वाफ झाली की तिला बाहेर यायला वाट नसते, मग ग्लेझचा टवका उडतो किंवा सरळ तडा जातो. म्हणून शंका असलेल्या मगची चाचणी दोनदा करावी असं माझं ठाम मत आहे, एकदा कोरडा आणि एकदा रात्रभर भिजवून पुसलेला. कोरडा पास आणि भिजलेला नापास झाला तर तो मायक्रोवेव्हसाठी नापासच धरायचा, कारण रोजच्या वापरात तो धुतल्याधुतल्याच आत जाणार आहे. भांड्यात पाणी मुरलेलं नसतानाही ते तापत असेल तर मातीत किंवा ग्लेझमध्ये लोहासारख्या धातूंची ऑक्साइडं असण्याची शक्यता धरावी, पण कारण काहीही असो निकाल तोच.

काच या चाचणीत सहसा पास होते आणि तरी फुटते, कारण तिचा प्रश्न लहरींचा नसून तापमानाच्या उडीचा आहे. साधी सोडा-लाइम काच तापल्यावर बोरोसिलिकेटपेक्षा जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एक भाग गरम आणि शेजारचा थंड असला की आतल्या आत ओढाताण होते. फ्रीजमधून काढलेलं काचेचं भांडं थेट फुल पॉवरवर, किंवा मायक्रोवेव्हमधून काढलेलं गरम भांडं ओल्या ओट्यावर, या दोनच गोष्टी बहुतेक वेळा घात करतात. काठाला टवका असेल तर भेग तिथूनच सुरू होते, अशी काच बाजूला काढा. पातळ पिण्याचे ग्लास आणि शिसं असलेले कट-क्रिस्टलचे ग्लास तर यासाठी नाहीतच.

धातूच्या काठाचं मात्र वेगळं प्रकरण आहे. प्लेटच्या काठावरची सोनेरी रेघ खरी धातूची असली तरी जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी असू शकते. लहरी त्या रेघेत विजेचा प्रवाह उभा करतात, जाड चमचा तो प्रवाह विशेष न तापता वाहून नेतो पण एवढा पातळ थर तापतो आणि खालच्या ग्लेझला तडे देतो. आणि रेघ घासून कुठे तुटली असेल तर त्या फटीत ठिणगी पडते, म्हणजे जुनी झिजलेली रेघ नव्यापेक्षा जास्त धोक्याची, लोकांना उलट वाटतं की आता तर सोनं उडालंच आहे, चालेल. तळावर सोनेरी अक्षरात छापलेलं कंपनीचं नाव हाही धातू असू शकतो, तो कोणी बघत नाही.

रेघ धातूची की नुसता पिवळा रंग हे बघायला मल्टीमीटर असेल तर तो कंटिन्युइटीवर लावून दोन्ही टोकं रेघेवर एक सेंटिमीटर अंतराने टेकवा. बीप आला तर धातू आहे, विषय संपला. बीप नाही आला तर मात्र लगेच सुटका समजू नका, वर पारदर्शक थर असेल किंवा रेघ मधेच तुटलेली असेल तरी बीप येत नाही. आरशासारखी चमक असेल तर मी ते भांडं आत ठेवत नाही. चुकून ठेवलं आणि चटचट आवाज आला तर लगेच बंद करा, आणि आतल्या बाजूच्या भिंतीवर जो पुठ्ठ्यासारखा माइकाचा तुकडा असतो तो जळून काळा झालाय का बघा, झाला असेल तर तो बदलल्याशिवाय ओव्हन वापरू नका, नाहीतर पुढच्या वेळी नुसत्या पाण्यावरही तिथेच ठिणगी पडू शकते.

प्लास्टिकच्या बाबतीत पाण्याची चाचणी फसवते. पॉलिप्रॉपिलीनचा डबा पाण्याशेजारी रिकामा फिरवला तर थंडच राहतो, पॉलिस्टायरीनचा पांढरा फोमचा कपही थंडच राहतो, म्हणजे दोन्ही पास, पण फोमचा कप 100 अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि पॉलिप्रॉपिलीन वितळायला साधारण 160 लागतात. तळाच्या त्रिकोणातला आकडा (5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, 1 म्हणजे पेट) फक्त प्लास्टिकची जात सांगतो, मायक्रोवेव्हला चालतं असं सांगत नाही. लहरींच्या चित्राची किंवा शब्दांत लिहिलेली वेगळी खूण हवी, आणि ती डब्याला आहे की झाकणालाही आहे ते बघायला हवं, कारण झाकण बऱ्याचदा वेगळ्या प्लास्टिकचं असतं.

मेलामाइन दिसायला सिरॅमिकसारखं, वाजवलं तर आवाज मात्र बोदा. ते लहरी शोषून स्वतः तापतं, म्हणून या एका प्लास्टिकला पाण्याची चाचणी बरोबर पकडते. अमेरिकेच्या एफडीएचा सल्लाही हाच आहे की मेलामाइनच्या भांड्यात अन्न मायक्रोवेव्ह करू नये.

चांगल्या खुणेच्या डब्यातही तेलकट किंवा साखरेचं काही असेल तर जपा. पाणी 100 अंशांशी अडतं पण तेल आणि पाक तिथे थांबत नाहीत. डबा रिकामा करून उजेडात धरा, जिथपर्यंत तेल आलं होतं त्या पातळीला एक खरखरीत, रंग चढलेली पट्टी दिसते का, नखाने ओढून बघा. ती पट्टी म्हणजे तिथलं प्लास्टिक मऊ होऊन खाल्लं गेलंय, नुसता डाग नाही, घासून जाणार नाही. असा डबा कोरडं काही ठेवायला वापरा आणि गरम करायचं ते काचेत काढून घ्या.