पाच किलोच्या पिशवीसाठी बेटकुळीला किती ओढावे लागते?

गिरणीतून आणलेली ५ किलो पिठाची पिशवी एका हाताच्या तळव्यावर तोलून, दुसऱ्या हाताने दाराचे कुलूप उघडेपर्यंत कोपर काटकोनात वाकवून उभे राहिले, की थोड्याच वेळात दंड भरून येतो. तीच पिशवी हात खाली सोडून धरली, तर दंडाला फारसे काही जाणवत नाही. वजन तेच असते. बदललेले असते ते कोपरापासूनचे आडवे अंतर.

हात काटकोनात असताना कोपराच्या खळीत बोट ठेवले, तर दोरीसारखा ताणलेला स्नायुबंध हाताला लागतो. बेटकुळीचे, म्हणजे बायसेप्सचे, हे खालचे टोक अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला कोपराच्या सांध्यापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर जोडलेले असते, तर पिशवी सांध्यापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर असते. कोपर हा टेकू, पिशवी हा भार आणि या दोघांच्या मध्ये स्नायूचे बल, अशी ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे.

आता हिशेब मांडू. पिशवीचा भार गुणिले भारभुजा म्हणजे ५ × ३५ = १७५. कोपरापुढचा हातही वजनदार असतो. तो दीड किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटरवर धरला, तर आणखी २२.५ मिळतात. एकूण १९७.५ ला स्नायूच्या ४ सेंटिमीटर बलभुजेने भागले, की उत्तर येते सुमारे ४९. म्हणजे ५ किलो तोलून धरण्यासाठी स्नायूला जवळजवळ ४९ किलो वजनाइतक्या बलाने वर ओढावे लागते! वरचा भार मात्र हातासह साडेसहा किलोचाच असल्यामुळे उरलेले सुमारे ४३ किलोंइतके बल दंडाचे हाड कोपराच्या सांध्यावर खाली दाबून पुरवते, आणि हा दाब आपल्या सहसा लक्षातही येत नाही.

पिशवी तळव्यावर न तोलता तिचे बंद कोपराजवळ, सांध्यापासून ५ सेंटिमीटरवर अडकवले, तर हेच गणित १२ किलोंच्या आसपास येते. बाजारातून परतताना पिशवी कोपरात अडकवण्याची सवय म्हणूनच शहाणपणाची आहे.

इतके बल खर्च करून शरीराला मिळते ती हालचाल: स्नायू १ सेंटिमीटर आखडला, की तळहात जवळजवळ ९ सेंटिमीटर वर येतो.

हा हिशेब सगळा भार एकट्या बायसेप्सवर टाकतो, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. प्रत्यक्षात त्याच्याखाली दडलेला ब्रॅकियालिस आणि मनगटाजवळ जोडलेला ब्रॅकिओरेडियालिस हे दोन स्नायूही ओढत असतात, आणि तिघांतली वाटणी एका समीकरणातून निघत नाही. ती बदलते, हे मात्र पडताळता येते: वजन धरलेला तळहात आकाशाकडून जमिनीकडे वळवला, की बेटकुळी सैलावते आणि कामाचा मोठा वाटा बाकीचे दोघे उचलतात.